पथ्याच्या कागदावरची वाटी

मधुमेहींच्या हाती पडणाऱ्या पथ्यपत्रकात बहुधा ‘भात, आंबा, बटाटा वर्ज्य, आहार मर्यादित ठेवावा’ असे असते. कंदमूळ न खाणाऱ्या घरात बटाट्याची सूचना वाया जाते, आणि भाताशिवाय ज्याचे जेवण होत नाही त्या रत्नागिरीकराला ‘मर्यादित’ म्हणजे किती, हे उमगत नाही.

त्याऐवजी नमुन्यादाखल असे लिहावे : ‘दुपारी दोन फुलके व एक वाटी भात. दोन वाट्या भात हवा असेल त्या दिवशी फुलके नकोत.’ दीडशे मिलिलिटरच्या सपाट वाटीभर भातात साधारण 30 ग्रॅम कर्बोदके असतात, तेवढीच दोन लहान फुलक्यांत, जमाखर्च जुळतो. मात्र घरची वाटी एकदा पाण्याने मोजून घ्यावी. ती अडीचशेची निघाली, तर हिशेब तिथेच चुकलेला असतो. चहासोबतचा खाखरा हलका वाटतो. पण ती कडक भाजलेली पोळीच. फुलक्याएवढा खाखरा एक फुलका धरावा. हापूसपुढे ‘बंदी’ लिहिले की तो चोरून खाल्ला जातो. ‘लहान आंब्याचा अर्धा भाग, त्या जेवणात एक फुलका कमी’ हे पाळले जाण्याजोगे आहे.

एक सूचना मात्र ठळक हवी. चोविहार किंवा उपवास करणाऱ्यांनी इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. घाम, थरथर, गोंधळ जाणवून साखर 70 च्या खाली आढळली, किंवा मोजण्याची सोय नसली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून तत्काळ घ्यावी, सूर्यास्त झालेला असला तरीही.