पदनाम मोठे, पायरी कोणती?

पुण्यातील सॉफ्टवेअर सेवा कंपनीत बारा जणांचा गट सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला परदेशी बँकेच्या तंत्रज्ञान केंद्राकडून 'व्हाइस प्रेसिडेंट' पदाचे पत्र आले, तर घरी पेढे वाटले जाणे स्वाभाविकच. उपाध्यक्ष म्हणजे अध्यक्षांखालोखालचा मान, हा या शब्दाचा रूढ अर्थ. अमेरिकी धाटणीच्या गुंतवणूक बँकांत मात्र तो लागू पडत नाही. तेथे ॲनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर आणि मॅनेजिंग डायरेक्टर अशा साधारण पायऱ्या असतात. उपाध्यक्ष ही त्यातील मधली पायरी असून मोठ्या बँकेत असे उपाध्यक्ष हजारोंनी आढळतात.

पदनामाऐवजी श्रेणीचा आकडा पाहावा, तर तोही फसवा ठरतो. गूगलमध्ये नवा अभियंता 'एल-3' श्रेणीवर रुजू होतो आणि 'एल-5' हा वरिष्ठ अभियंता असतो. ॲमेझॉनमध्ये अभियंत्याची सुरुवातच 'एल-4'पासून होते आणि वरिष्ठ अभियंता 'एल-6'वर असतो. म्हणजे गूगलचा 'एल-5' ॲमेझॉनमध्ये 'एल-5' म्हणूनच गेला, तर आकडा न बदलताही तो एक पायरी खाली उतरतो.

म्हणूनच नवी जागा खरी बढती आहे की नाही, हे ठरवण्यासाठी पत्र स्वीकारण्यापूर्वीच तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. या पदाच्या खाली आणि वर किती पायऱ्या आहेत? वरिष्ठाचे पदनाम काय? नेमणूक, वार्षिक मूल्यमापन आणि खर्च यांपैकी कशाचा निर्णय या पदाच्या हाती आहे?

वरील व्यवस्थापकाने ही चौकशी केली, असे समजू. त्याचा वरिष्ठही व्हाइस प्रेसिडेंटच निघाला. हाताखाली कोणी नाही आणि मूल्यमापनाचा अधिकारही नाही. वार्षिक वेतन 26 लाखांवरून 34 लाखांवर जाणार. पण त्यातील तीन लाख रुजू होताना एकदाच मिळणारे आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावयाचे. दुसऱ्या वर्षापासून खरी वाढ आठ नव्हे, पाच लाखांची, म्हणजे सुमारे 19 टक्के. थोडक्यात, वेतनात तो एक पायरी चढतो, तर अधिकारात एक पायरी उतरतो.

एवढ्यावरून हा व्यवहार तोट्याचा ठरत नाही. माणसे सांभाळण्यापेक्षा तांत्रिक कामातच राहू इच्छिणाऱ्याला तो सोयीचाही वाटेल. परंतु ज्याला पुढे विभागप्रमुख व्हावयाचे आहे, त्याची अडचण दोन-तीन वर्षांनी पुढच्या मुलाखतीत उघड होते. तेथे समोरचा अधिकारी पदनाम वाचून थांबत नाही. किती माणसे सांभाळली आणि कोणते निर्णय स्वतः घेतले, असे तो विचारतो. बारा जणांचा गट सोडून आलेल्या उपाध्यक्षाला तेव्हा जुन्या नोकरीचाच दाखला द्यावा लागतो.