‘येत नाही’ म्हणायचंय? मग शुक्रवारीच म्हणा!

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये ‘सिलेक्ट कसं व्हायचं’ यावर सीनियर्स तासन्‌तास बोलतात. पण अर्ध्यातून बाहेर कसं पडायचं, हे कोणीच सांगत नाही. मग आपली मंडळी सरळ मोबाईल स्विच ऑफ करतात. माझं मत स्पष्ट आहे : माघार घेण्यात काही गैर नाही, गायब होण्यात आहे. आणि त्याचा फटका कंपनीपेक्षा आपल्याच वर्गातल्या पोराला बसतो.

कसा ते बघा. समजा, तळेगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीची ॲप्टिट्यूड आणि टेक्निकल राऊंड झाली. सोमवारी प्लँटवर एचआर इंटरव्ह्यू. बोलावलेत पाच जण, सहावा वेटिंगवर. त्या पाचातल्या लोणावळ्याच्या आपल्या मित्राला टेक्निकलच्या वेळी कळलं की दोन वर्षांचा बाँड आहे, आणि त्याला तर पुढच्या वर्षी एम.टेक. करायचंय. त्यानं शुक्रवारी कळवलं, तर वेटिंगवरच्या कामशेतच्या पोराला फोन जाऊ शकतो. सोमवारी सकाळची लोकल पकडून तो तळेगावात हजर! सोमवारी दुपारी कळवलं, तर ती खुर्ची रिकामीच राहते.

कळवायच्या आधी एक करा. अडचण बाँडची किंवा शिफ्टची असेल तर आधी विचारून घ्या, कधीकधी ऐकीव माहिती चुकीची निघते. पण पगार वाढवून घ्यायला माघारीची धमकी देऊ नका. समोरचा ‘ठीक आहे’ म्हणाला की विषय संपला!

कॅम्पसमधून गेला असाल तर पहिल्यांदा टीपीओ सरांना भेटा. तुमचं नाव कॉलेजनं पाठवलंय, त्यामुळे कंपनीकडून त्यांना कळणं बरं दिसत नाही. मग एचआरना मेल. तो इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा : “ट्रेनी इंजिनिअर पदासाठी सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे. पुढील शिक्षणाचा निर्णय घेतल्यामुळे मी माझा अर्ज मागे घेत आहे. माझ्या जागी दुसऱ्या उमेदवाराला बोलावता यावं म्हणून आजच कळवत आहे. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार.” बास. चार वाक्यं. बाँडवर टीका नको, दुसऱ्या कंपनीचं पॅकेजही नको.

आणि ते ‘ताप आलाय’ प्रकरण तर अजिबात नको. एचआरवाले सज्जन असतील तर म्हणतील, “काळजी घ्या, गुरुवारी या.” मग गुरुवारी काय, मलेरिया?

उत्तर आलं नाही तर शनिवारी एक फोन करा. बऱ्याच ठिकाणी शनिवारी ऑफिस चालू असतं, नसेल तर सरांकरवी निरोप द्या. सोमवारच्या यादीतून नाव निघालं का, एवढंच विचारायचं.

हे सगळं ऑफर हातात येण्याआधीचं. ऑफर स्वीकारल्यावर कॉलेजचे नियम लागतात. ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असेल तर तेव्हा तुमची पुढच्या कंपन्यांची दारंही बंद झालेली असतात. म्हणून बाँडचा प्रश्न टेक्निकललाच विचारा, ऑफर लेटर वाचताना नको.