गरम नळाचे तांबूस पाणी

थंडी पडू लागली की पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. न्हाणीघरातील थंड पाण्याचा नळ अगदी स्वच्छ पाणी देतो. गरम पाण्याच्या नळातून मात्र तांबूस, कधी चहासारख्या रंगाचे पाणी येते. मग प्रश्न पडतो, की या पाण्याने लहान मुलाला अंघोळ घालावी की नाही? या प्रश्नाचे उत्तर आपल्या गीझरच्या पोटात दडलेले असते, आणि ते वेळेवर वाचता आले तर पुढचे एक मोठे संकट टळते.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका उपनगरात त्यांचे घर आहे आणि तेथे बोअरचे व टँकरचे मिश्र पाणी येते. घरात पंधरा लिटरचे दोन गीझर आहेत. दोन्ही सात वर्षांपूर्वी एकाच दिवशी बसवलेले. एक रोजच्या वापराचा, दुसरा पाहुण्यांच्या न्हाणीघरातला. रोजच्या गीझरचे पाणी तांबूस येऊ लागले, आजींच्या पांढऱ्या पंचावर पिवळे डाग दिसू लागले. घरच्यांनी आधी गच्चीवरील टाकी धुऊन घेतली, मग नळ बदलला. फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. गच्चीवरच्या टाकीत दोष असता तर थंड नळाचे पाणीही गढूळ आले असते.

असा प्रसंग आपल्या घरी आला तर मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी दोन साध्या परीक्षा आपण स्वतः करू शकता. पहिली परीक्षा सकाळी, गीझर सुरू करण्याआधी करावी. गरम नळ उघडून पहिला तांब्या पांढऱ्या भांड्यात घ्यावा आणि नंतर बादली भरू द्यावी. पहिले एकदोन तांबे तांबूस येऊन पुढे पाणी स्वच्छ झाले, तर गंज बहुधा गीझरपासून नळापर्यंतच्या जुन्या लोखंडी पाइपात आहे. बादली भरत आली तरी रंग तसाच राहिला किंवा अधिक गडद झाला, तर दोष गीझरच्या टाकीत समजावा. गीझरमध्ये थंड पाणी तळाशी शिरते व गरम पाणी वरच्या भागातून बाहेर पडते. त्यामुळे नळ चालू ठेवला की तळाचा गाळ ढवळून वर येतो.

दुसरी परीक्षा बोअरचे पाणी असलेल्यांनी अवश्य करावी. काही बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही. पण हवेशी संयोग होऊन आणि उष्णता मिळून त्याचा गंज बनतो व पाणी पिवळे पडते. अशा वेळी गीझर निर्दोष असूनही त्याच्यावर आळ येतो. म्हणून थंड नळाचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन रात्रभर उघडे ठेवावे. सकाळी तेही पिवळसर झाले व तळाशी तांबडा थर बसला, तर मूळ पाण्यातच लोह आहे. स्वच्छ राहिले, तर संशय गीझरवरच येतो. आमच्या परिचितांचा पेला सकाळी स्वच्छ होता.

आता गीझरच्या आत काय घडते ते पाहू. बहुतेक गीझरची टाकी पोलादाची असते आणि तिला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. या मुलाम्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात, काळानुसार तडे जातात, आणि तेथे पाणी पोलादाला भिडते. त्याच्या रक्षणासाठी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. तिला ॲनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडाहून अधिक क्रियाशील असल्याने पाण्यात आधी ते झिजते आणि टाकी वाचते. ही युक्ती जुनी आहे. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडून पाहिले होते.

मात्र ही कांडी झिजण्यासाठीच असते. पाणी जितके अधिक क्षारयुक्त आणि जितके अधिक तापवलेले, तितकी ती लवकर संपते. ती संपल्यावर गीझर पूर्वीसारखाच पाणी तापवतो, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. त्यानंतर पोलाद गंजू लागते, आणि आपल्याला दिसणारा तांबूस रंग ही त्या गंजाची पहिली बातमी असते.

परिचितांच्या रोजच्या गीझरचे तळाचे झाकण उघडले, तेव्हा क्षारांचा व गंजाचा चिखल बाहेर आला. कांडीच्या जागी आतली बारीक तार तेवढी उरली होती. टाकीच्या तळाच्या सांध्याशी ओल होती. अशा टाकीत नवी कांडी बसवून उपयोग नसतो. गंज मंदावेल, पण खाल्लेले पोलाद परत येत नाही. तो गीझर बदलावा लागला. पाहुण्यांच्या गीझरमध्ये कांडी निम्म्याहून कमी जाडीची राहिली होती, परंतु टाकी शाबूत होती. त्याचा गाळ काढून, नवी कांडी व झाकणाचे नवे गॅस्केट बसवले. खर्च काहीशे रुपयांचा झाला आणि तो गीझर आज उत्तम चालतो.

अंघोळीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की गंज त्वचेला विषारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही पाण्यातील लोहासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही, लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या वर कपड्यांवर डाग पडतात, एवढे तिने नोंदवले आहे. तरीही तान्ह्या बाळासाठी दोष दूर होईपर्यंत थंड नळाचे पाणी चुलीवर तापवून घ्यावे. गीझरचे पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी किंवा बाळाच्या दुधासाठी तर कधीच वापरू नये.

खरा धोका रंगात नसून विजेत आहे. टाकी पाझरू लागली की पाणी थर्मोस्टॅटच्या व हीटरच्या जोडांवर पडू शकते. त्यात घराचे अर्थिंग सदोष असेल, तर ओल्या अंगाने नळाला लावलेला हात जिवावर बेतू शकतो. गंजाचा चिखल सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये अडकला तर टाकीतील वाढलेल्या दाबाला वाटही राहत नाही. म्हणून तांबूस पाण्याबरोबर गीझरखाली थेंब दिसले, बटण लावताच एमसीबी पडू लागला किंवा नळाला झिणझिण्या आल्या, तर गीझर त्याच क्षणी बंद करावा आणि दुरुस्तीपर्यंत वापरू नये. न्हाणीघराच्या विजेच्या जोडणीवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असावा.

गीझर आपण स्वतः उघडू नये. मात्र मेकॅनिक ते काम करत असता जवळ उभे राहावे. वीज मुख्य बटणापासून बंद केली आहे ना, ते पाहावे. "साफ केला" एवढ्या शब्दांवर समाधान न मानता बाहेर काढलेली कांडी दाखवण्यास सांगावे. ती निम्म्यापेक्षा बारीक झाली असेल किंवा आतली तार दिसत असेल, तर बदलून घ्यावी. बोअरचे वा टँकरचे पाणी असलेल्या घरांनी ही पाहणी दरवर्षी, शक्यतो थंडीपूर्वी, करून घ्यावी आणि कांडी बदलल्याची तारीख गीझरच्या अंगावरच चिकटपट्टीवर लिहून ठेवावी.