स्वप्नाच्या टिपणाचा निबंध करताना

'मला पडलेले स्वप्न' हा निबंध लिहून घेताना आपण फार घाई करतो. समजा, कणकवलीतल्या एका मुलाने उठल्याउठल्या टिपलंय : 'गडनदी. पाणी नाही. वर्गातला बाक. आजी ओरडते, आवाज नाही.' आपण लगेच सुचवतो, 'उन्हाळा असल्यामुळे...' स्वप्न मरतं ते इथेच बघा. तुकड्यांचा क्रम तसाच ठेवा. फक्त विचारा, 'तू कुठे होतास? तुला काय वाटलं?' मग तो लिहील : 'मी कोरड्या गडनदीत उभा होतो. समोर माझ्या वर्गातला बाक होता, पण मला त्याचं नवल वाटलं नाही. काठावरून आजी ओरडत होती. मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.' इथे तुकडे 'मी'ने सांधले, कारणांनी नाही. आणि 'तेवढ्यात मला जाग आली' हे टिपणात असेल तरच लिहू द्या.