आजच्या रात्रीपुरतं मागणं

दारू सोडू पाहणाऱ्याची खरी परीक्षा कामावरून सुटल्यावर, पाय गुत्त्याकडे वळतात तेव्हा असते. त्या वेळेसाठी ही प्रार्थना: ‘देवा, आजची रात्र दारूविना जाऊ दे. तल्लफ आली तर घरी सांगायचं धाडस दे.’ जन्मभराची शपथ तिच्यात मुद्दामच नाही. शपथ मोडली की लाज वाटते आणि ती लाज बुडवायला माणूस पुन्हा पितो. १९३५ पासून चालत आलेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटनाही एकेका दिवसापुरतंच सांगते.

घरच्यांनी दिवेलागणीला सोबत बसावं, पण आपलं मागणं मागावं: ‘त्याच्यासाठी खोटं बोलायची वेळ आली, तर नाही म्हणायचं बळ दे.’ प्रार्थनेतून टोमणे नकोत. मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ तर नकोच.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडण्याआधीच डॉक्टरांना भेटावं. ही प्रार्थना दवाखान्याच्या खाटेवरूनही म्हणता येते.