माळ डोळ्यांसाठी नाही



गेल्या कार्तिकीला वाळवंटात एक तरुण माळकरी भेटला. कपाळी गोपीचंदन आणि बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, आणि बोटात अंगठीसारखे एक यंत्र. यंत्राला बटण, वर इवलीशी काच आणि काचेत आकडा. "महाराज, आज चार हजार झाले," तो म्हणाला. आमचे बोलणे पाच मिनिटे चालले असेल, तेवढ्यात त्याची नजर त्या आकड्यावर चार वेळा गेली. समोर पुंडलिकाचे देऊळ होते, तिकडे एकदाही गेली नाही. पुढे एका सप्ताहात हीच यंत्रे प्रसाद म्हणून वाटताना पाहिली, आणि वाटणारे आमच्याच गादीवरचे होते. म्हणून हा लेख. कोणाला झोंबला तर झोंबू द्या.

माझे म्हणणे एवढेच आहे की जपमाळ हे न पाहता मोजण्याचे साधन आहे. तिचा मेरू, तिच्या गाठी, मण्यांमधली मोकळीक हे सगळे बोटांना कळावे आणि डोळे मोकळे राहावेत यासाठी आहे. यंत्र नेमके उलटे करते. बोटाला काहीच कळू देत नाही आणि सगळे डोळ्यांना सांगते.

पण हे मला तरी कुठे ठाऊक होते? चाळीस वर्षे कीर्तन केले, नाममहिम्यावर रात्री जागवल्या. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला आधीच धूसर दिसायचे. रुग्णालयात रात्री झोप येईना, म्हणून उशाखालची माळ काढली आणि जप सुरू केला. बऱ्याच वेळाने लक्षात आले की मेरू लागलेलाच नाही. एक माळ झाली की तीन, काही कळेना. चाचपून पाहिले तर सगळे मणी सारखे. मेरू ओळखायचा तो त्याच्या लाल गोंड्यावरून, आणि गोंडा केव्हाच गळून पडला होता. म्हणजे इतकी वर्षे मी माळ ओढत होतो तो डोळ्यांनी. वाचकहो, त्या रात्री मला फार लाज वाटली.

रात्रपाळीच्या सिस्टर वसईकडच्या ख्रिस्ती होत्या. मी चाचपडतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "बाबा, काय हरवलं?" मी सांगितले. त्यांनी खिशातून आपली रोझरी काढून माझ्या हातात दिली. "ही मी खिशातच मोजते. वॉर्डात फिरताना बाहेर काढत नाही." अंगठ्याने पाहिले. दहा मणी जवळजवळ, मग साखळीची थोडी मोकळी जागा, मग एकटा मणी, पुन्हा मोकळी जागा आणि पुन्हा दहा. दहा मण्यांवर नमो मारिया, एकट्यावर प्रभूची प्रार्थना. असे पाच दशक, आणि खाली क्रूसाकडे जाणाऱ्या शेपटीवर आणखी पाच मणी. हार आणि शेपूट जोडणारे पदक सोडून एकूण ५९. अंधारात कुठेही थांबा, दशक संपले हे बोटच सांगते.

त्यानंतर मी जिथे माळ दिसेल तिथे हात पुढे करून मागू लागलो. मुसलमान बांधवांच्या तसबीत ९९ मणी असतात आणि दर ३३ नंतर एक वेगळ्या घाटाचा मणी. नमाजानंतर सुबहानल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा आणि अल्लाहु अकबर ३४ वेळा म्हणतात, म्हणजे शंभर भरतात. जप कुठे बदलायचा ते तो वेगळा मणी सांगतो. जैनांची नवकारवाली आपल्यासारखीच १०८ ची, पण त्यांचा हिशेब निराळा: अरिहंतांचे १२ गुण, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. गौडीय वैष्णवांच्या माळेत मणी मेरूपासून मोठ्याकडून लहानाकडे उतरत जातात, त्यामुळे माळ कुठवर आली हे मण्याच्या आकारावरूनच समजते. पूर्वेकडच्या ख्रिस्ती साधूंची तर मण्यांची माळच नव्हे, ती लोकरीची गाठाळ दोरी असते, कधी ३३ गाठींची, कधी १०० ची. संख्या निरनिराळ्या, देव निरनिराळ्या नावांचे, पण डोळ्यांवर भिस्त ठेवणारी माळ मला एकही सापडली नाही. ती फक्त माझी होती.

आता पूर्वपक्ष. यंत्रवाले म्हणतात की माळेत चूक होते, दोन मणी एकदम सरकतात, यंत्र अचूक. उत्तर असे की यंत्र बटणे मोजते, नाम मोजत नाही. माळही नाम मोजत नाही, हे मी मान्य करतो. रिकाम्या मनाने मणीही ओढता येतात. पण माळेला आपली चूक ठाऊक आहे. १०८ ची माळ फिरवून १०० च धरायची, वरचे आठ चुकल्यामाकल्याचे, असा रिवाज आपल्याकडेही आहे आणि तिबेटी बौद्धांकडेही. चार हजार एकशे सदुसष्ट असा आकडा जपाच्या कामाचा नाही, सांगण्याच्या कामाचा आहे. शिवाय माळ संपते. मेरू लागतो, हात थांबतो, वळतो, आणि मन कुठे भटकले होते ते त्या वळणावर कळते. यंत्राला वळण नाही.

दुसरा आक्षेप असा की वारीत चालताना, पावसात, हातात पताका असताना माळ कशी ओढायची? हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर यंत्र नव्हे, करमाळ. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवा, तो एक. तिचेच खालचे पेर दोन. मग करंगळीचे खालचे, मधले, वरचे: तीन, चार, पाच. अनामिकेचे वरचे सहा, मधल्या बोटाचे वरचे सात. तर्जनीचे वरचे आठ, मधले नऊ, खालचे दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरे हा मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. दहा झाले की डाव्या हाताचे एक पेर पुढे सरकवा. तिथे दहा भरले की शंभर, वर आठ मोजा आणि थांबा. आमच्या घरी मंडळी जात्याच्या वेळेपासून असेच मोजत आल्या. त्यांना माळ कधी लागली नाही, आणि मी मात्र त्यांना माळेचे माहात्म्य सांगत राहिलो!

बसून जप करायचा तर माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवा. अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढा. तर्जनी बाजूला. शास्त्र काही सांगो, तर्जनी मध्ये आली की ती पुढचा मणी ढकलते आणि मोजणी बिघडते, हे दोन दिवसांत कळेल. नाम पूर्ण झाल्यावरच मणी सोडायचा. मेरू लागला की तो ओलांडायचा नाही; मधले बोट काढून पलीकडच्या बाजूने घालायचे, म्हणजे जो मणी शेवटचा होता तोच पहिला होतो. हे एका हाताने जमायला महिना जातो, तोवर डाव्या हाताचा आधार घेतला तर बिघडत नाही. मणी निसटतात की नाही हे पाहायचे असेल तर एकदा घड्याळ लावा. रामकृष्णहरि शांतपणे म्हणायला दीड सेकंद धरला तर माळेला पावणेतीन मिनिटे लागतात. एखादी माळ दोन मिनिटांच्या आत संपली तर समजा, एकतर मणी सुटले किंवा नाम अर्धे राहिले.

आता माझ्या त्या माळेचे. घरी आल्यावर दोरा कापून सगळे मणी ताटात काढले आणि २७-२७ च्या चार ढिगाऱ्यांत मोजले. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण म्हणजे १०८, तेव्हा ही मोजणी सोयीचीही आहे आणि शास्त्राचीही. शेवटच्या ढिगात २४ च भरले. विकत घेतलेली माळ १०५ ची होती आणि मला पत्ता नव्हता! पंढरपुरातल्या एका काशीकापडी घरून तीन मणी आणि एक मोठा मेरू आणला. बाकीचे मणी हरभऱ्याएवढे, मेरू त्यांच्या दीडपट. सुती पिळाचा दोरा साडेतीन मीटर घेतला, कारण गाठी दोरा फार खातात. टोकाला मेण लावून ते कडक केले. प्रत्येक मण्यानंतर एक गाठ, पण गाठ मण्याला घट्ट भिडवायची नाही. मणी जागच्या जागी सहज फिरला पाहिजे. दर २७ मण्यांनंतर मी दुहेरी गाठ मारली. ही माझी सोय, परंपरा नव्हे. ओवून झाल्यावर डोळे मिटून मेरू शोधला. लगेच लागला.

तुळशीची माळ पाण्यात भिजवू नका. लाकूड फुगते, दोरा आतून कुजतो, आणि वरून काही दिसत नाही. वारीत भिजलीच तर फडक्याने टिपून सावलीत वाळवा, उन्हात नाही, मणी तडकतात. वर्षातून एकदा फडक्याला तिळाच्या तेलाचा थेंब लावून मणी पुसावेत आणि लगेच कोरड्या फडक्याने तेल काढून घ्यावे, नाहीतर धूळ चिकटते. दोरा आधी मेरूपाशी झिजतो, कारण तिथे रोजचा ओढा बसतो. तिथे केसाळपणा दिसला की तुटायची वाट पाहू नका. विकत घेताना छिद्राजवळ लाकडाचे तंतू दिसतात का ते बघा. मण्यावर साच्याची रेघ असेल तर ते प्लास्टिक. ओल्या पांढऱ्या कापडाला रंग लागला तर तो रंगवलेला मणी. पण यावरून लाकूड आहे एवढेच कळते, तुळस आहे हे कळत नाही. त्याला देणारा ओळखीचाच हवा.

आणि गळ्यातल्या माळेवर जप करू नका. ती माळ घातलेली असते, ओढायची नसते. जुने माळकरी ती तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. जपाच्या ओढाताणीने तिचा दोरा झिजवायचा आणि मग वाटेत उपाशी राहायचे, हा कुठला शहाणपणा?

ज्यांचा अंगठा संधिवाताने दुखतो त्यांनी २७ मोठ्या मण्यांची माळ घ्यावी आणि ती चार वेळा फिरवावी. त्या वाळवंटातल्या पोराला मी माझी माळ डोळे मिटून हातात घ्यायला सांगितली. त्याला मेरू सापडायला बराच वेळ लागला. अंगठी त्याने तेव्हा काढली नाही, पण आषाढीला दोरा आणि मणी घेऊन येतो म्हणाला आहे.