छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल

तुमच्या खोलीत असा एक जण नक्की असेल. महिन्यातून दोनदा क्लिनिकला जातो, कधी मान आखडली म्हणून, कधी छातीत भरून येतं म्हणून. गोळ्या घेऊन येतो, चार दिवसांनी परत तेच. फोरमन म्हणतो, नाटक करतोय. खोलीतले म्हणतात, गॅस असेल, ओवा खा. आणि तो स्वतः काय म्हणतो? "अंगात त्राणच नाही हो."

मी शारजाजवळच्या एका कॅम्पात चार वर्षं स्टोअर सांभाळत होतो. हिंदी-इंग्रजी बरं बोलायचो, म्हणून आजारी माणसाबरोबर क्लिनिकला जायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्या अनुभवावरून हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की हा माणूस खोटं बोलत नाही. पण ज्या भाषेत तो त्रास सांगतो ती भाषा क्लिनिकमधल्या कोणाला कळत नाही, आणि ती कळू नये अशीच तिथली सगळी व्यवस्था आहे.

दापोलीकडचा एक सळई बांधणारा होता, वय चौतीस. एजंटला द्यायला सावकाराकडून एक लाख वीस हजार घेतलेले, शेकडा तीन रुपये महिना व्याजाने. म्हणजे नुसत्या व्याजाचेच महिन्याला 3600 रुपये. तीन महिन्यांत तो पाच वेळा क्लिनिकला गेला. पहिल्यांदा पित्ताची गोळी मिळाली, दुसऱ्यांदा डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, तिसऱ्यांदा बी कॉम्प्लेक्स. चौथ्यांदा ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. रक्त, साखर, थायरॉइड, सगळं नॉर्मल. पाचही वेळा डॉक्टर वेगळा होता. चौथ्या वेळी डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, "कोई टेन्शन है?" हा लगेच म्हणाला, "नहीं साब, कोई टेन्शन नहीं."

त्या उत्तरावर आपले कार्यकर्तेही फसतात. "आपल्या लोकांना डिप्रेशन म्हणजे काय ते माहीत नाही, जनजागृती करा," असं म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दिवशी माझ्या भाषांतरात काय झालं ते ऐका. तो मला मराठीत म्हणाला होता, "रात्री जीव घाबरा होतो, काळीज धडधडतं, मग बसूनच राहतो." मी डॉक्टरांना सांगितलं, साँस की तकलीफ है, दिल की धड़कन तेज़ होती है. डॉक्टरांनी बरोबर ईसीजी काढला. चूक माझी होती. आपल्या मराठीत 'जीव' हा ना नुसतं शरीर, ना नुसतं मन. जीव घाबरतो, जीव रमत नाही, जीव टांगणीला लागतो, जीव नकोसा होतो. डोकं भणभणतं, छाती भरून येते, पोटात गोळा येतो. ही वाक्यं बोलताना माणूस दुःख लपवत नसतो, सांगतच असतो. मी त्यातलं अर्धं खाल्लं आणि उरलेलं छातीच्या दुखण्यात घातलं.

आणि हे फक्त आपलंच आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासात 14 देशांतल्या 15 केंद्रांवरचे साध्या दवाखान्यांतले रुग्ण तपासले होते, त्यात आपलं बंगळूरही होतं. 1999 साली त्याचे जे निष्कर्ष छापून आले, त्यात डिप्रेशन असलेल्या 1146 जणांपैकी 69 टक्के लोक डॉक्टरकडे फक्त शरीराचीच तक्रार घेऊन आले होते. पण त्याच लोकांना थेट, नीट विचारल्यावर मनाची लक्षणं साफ नाकारणारे फक्त 11 टक्के निघाले. म्हणजे विचारलं की बहुतेक लोक सांगतात. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. जिथे रुग्णाचा ठरलेला, ओळखीचा डॉक्टर नव्हता, तिथे नुसतं अंगदुखणं घेऊन येणारे जास्त होते. आता तुमच्या कंपनीचं क्लिनिक आठवा. दर वेळी नवा डॉक्टर, पाच मिनिटं, आणि शेजारच्या खुर्चीत फोरमन.

संस्कृतीचा भाग नाहीच असं मी म्हणत नाही. बंगळूरला 1990च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात दिसलं की लोकलज्जेची भीती जितकी जास्त, तितकी उदासीची लक्षणं जास्त, पण अंगाच्या तक्रारी उलट कमी लज्जेशी जोडलेल्या. कारण सरळ आहे. डोकं कोणाचंही दुखतं, त्यात लाज कसली? "मला जगावंसं वाटत नाही" हे बोललं की बहिणीच्या लग्नापर्यंत बभ्रा जातो. म्हणून दुखणं आधी अंगाच्या वाटेने बाहेर येतं.

पण लाजेपेक्षाही मोठी गोष्ट नोकरी. आर्थर क्लाइनमन नावाचे अमेरिकन डॉक्टर 1980 साली चीनमधल्या हुनान प्रांतात गेले. तिथे 'मज्जातंतूंची दुर्बलता' असा शिक्का बसलेले 100 रुग्ण त्यांनी तपासले. डोकेदुखी, थकवा, चक्कर, झोप नाही, अशा सगळ्या अंगाच्याच तक्रारी. त्यातले 87 डिप्रेशनच्या व्याख्येत बसले. औषधाने बऱ्याच जणांची लक्षणं कमी झाली, पण ज्यांच्या कामाच्या किंवा घरच्या अडचणी तशाच राहिल्या त्यांचं आजारपण सुटलं नाही. सांस्कृतिक क्रांतीत पोळलेली ती माणसं. तिथे मन मोडलंय म्हणायची सोय नव्हती, पण डोकं दुखतंय म्हटलं तर सुट्टी मिळायची, बदली मागता यायची.

आखातात वेगळं काय आहे? पाठ दुखते म्हटलं तर एक दिवसाची स्लिप मिळते. झोप येत नाही, रडू येतं म्हटलं तर काय मिळतं? 'अनफिट' होण्याची भीती. खरंच काढतील की नाही हा पुढचा प्रश्न, पण डोक्यावर कर्ज असलेला माणूस ती जोखीम कशाला घेईल? तो हुशार आहे, जे चालतं तेच बोलतो.

पाचव्या खेपेनंतर परतताना बसमध्ये मी त्याला टेन्शनबद्दल काही विचारलं नाही. म्हटलं, "भाऊ, रात्री जाग किती वाजता येते?" म्हणाला, "तीनला. रोज तीनला." इथले तीन म्हणजे गावी साडेचार. "मग काय करतोस?" "हिशोब करतो." तिथून पुढे अर्धा तास तोच बोलला. जेवण जात नाही, पोरीचा व्हिडिओ कॉल आला तरी बघावासा वाटत नाही, पगार दहा तारखेच्या पुढे गेला की हातापायाला मुंग्या येतात.

मग आम्ही एक साधं काम केलं. दोन आठवडे एका कागदावर लिहायचं: तारीख, त्रास किती वाजता झाला, किती वेळ राहिला, त्याआधी काय चाललं होतं. चौदा दिवसांत नऊ वेळा त्रास झाला. सात वेळा रात्री आडवं पडल्यावर, दोनदा घरच्या फोननंतर. नवव्या मजल्यावर सळ्या चढवताना एकदाही नाही. प्रत्येक वेळी जोर दहा मिनिटांत शिखराला जायचा आणि अर्ध्या तासात ओसरायचा. तो कागद घेऊन मी हट्टाने आधी भेटलेल्याच एका डॉक्टरांकडे गेलो आणि या वेळी 'जीव घाबरा होतो' याचं भाषांतर न करता चार वाक्यांत अर्थ सांगितला. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन उदास होतं, किती दिवस कशातच गोडी वाटली नाही, असं विचारलं. या वेळी 'नाही' आलं नाही. मरणाचे विचार येतात का, हेही त्यांनी विचारलं. ते विचारल्याने विचार येत नाहीत, उलट माणसाला हलकं वाटतं, हे मी तिथे पाहिलं.

सर्ट्रालिन कमी डोसने सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं की पहिला आठवडा मळमळ, बेचैनी वाढू शकते, फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात आणि मनाने बंद करायचं नाही. आपल्याकडचे बरेच जण आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडतात, ते इथेच चुकतात. दीड महिन्याने धडधड महिन्यातून एकदोनदा यायची. झोप पाचपर्यंत लांबली. कर्ज मात्र तसंच होतं, आणि "अशक्तपणा आहे" हे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. मला ते चुकीचं वाटत नाही.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर हे वाचून कोणी सगळ्यालाच टेन्शन म्हणेल. चढताना किंवा ओझं उचलताना छातीत दाटतं, थांबल्यावर कमी होतं, वेदना जबड्यात किंवा डाव्या हातात जाते, घाम फुटतो, तर कागदबिगद लिहीत बसू नका, तडक इमर्जन्सी. आपल्या लोकांना हृदयविकार लवकरच्या वयात गाठतो. उन्हाळ्यात चक्कर, मळमळ, डोकेदुखी म्हणजे आधी उष्माघाताची शंका घ्यायची. यूएईत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कामाला बंदी आहे ती उगीच नाही. रक्त कमी असणं, बी 12 कमी असणं, थायरॉइड, साखर, हे सगळे असाच थकवा देतात. म्हणून तपासण्या करायच्याच. फक्त नॉर्मल रिपोर्ट म्हणजे 'काही नाही' असा अर्थ काढायचा नाही.

आणि रोज डायक्लोफेनॅक खाऊन ढकलू नका. उन्हात, पाणी कमी पिऊन ती गोळी किडनीला आणि पोटाला महाग पडते. गावाहून कोणी झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉल आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल ही तिथे नियंत्रित औषधं आहेत. परवानगीशिवाय सामानात सापडली तर प्रकरण तुरुंगापर्यंत जातं.

कंपन्यांकडे मागायचं ते फार महाग नाही. एका माणसाला शक्यतो एकच डॉक्टर. भाषांतराला फोरमन नको, त्याच भाषेचा दुसरा कोणी किंवा फोनवरचा दुभाषा. आणि झोपेबद्दल बोलल्यामुळे कुणाची फाईल मॅनेजरच्या टेबलावर जाणार नाही, हे लेखी. गावी घरच्यांना बोलायचं असेल तर भारत सरकारची टेली मानस लाईन 14416 मराठीतही आहे, सुट्टीवर गेलात तर तुम्हीही लावू शकता.

तोवर तुमच्या खोलीतल्या त्या माणसाला "टेन्शन आहे का" विचारू नका. जाग कितीला येते ते विचारा.